सरासरी बिल वाढलं, पण हातात काय उरलं? कॉम्बो, सूट आणि ९९ च्या किमतींचे दहा महिने

कोल्हापुरात आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. काउंटर जाऊबाई सांभाळतात, मसाल्याचं प्रमाण सासूबाईंचं, आणि वेबसाइटवरच्या व फोनवरच्या ऑर्डर मी बघते. महिन्याला नव्वद-शंभर पार्सलं जातात, बहुतेक पुण्या-मुंबईला. ३१ मार्च २०२५ ला वर्ष संपलं तेव्हा हिशेब मांडला आणि लक्षात आलं, की एवढी पार्सलं पॅक करूनही कुरिअरवाल्याला जेवढे पैसे गेले तेवढे आमच्याकडे उरलेले नाहीत. एकेक ऑर्डर मोठी झाली पाहिजे, हे सगळ्यांना पटत होतं. ते कसं करायचं, यात पुढचे दहा महिने गेले. ज्यांचं दुकान आमच्याएवढंच आहे त्यांना उपयोग होईल म्हणून क्रमाने लिहिते.

पहिलं काम केलं ते ६ एप्रिलच्या रविवारी. जानेवारी ते मार्चची २८२ बिलं एका शीटमध्ये उतरवून काढली. परत आलेली पार्सलं त्यात धरली नाहीत. सरासरी आली ६१२ रुपये. मला हा आकडा जरा जास्त वाटला, कारण रोज माझ्या हातून जाणारी बिलं एवढी नसतात. मग बिलं लहान ते मोठी अशी लावली आणि बरोबर मधलं बिल कितीचं आहे ते पाहिलं. शीटमध्ये त्याला एवढंच लिहावं लागतं:

```
=MEDIAN(C2:C283)
```

उत्तर आलं ४७०. म्हणजे निम्मी गिऱ्हाइकं ४७० किंवा त्याहून कमीची खरेदी करत होती आणि लग्नघरांच्या नऊ मोठ्या ऑर्डरींनी सरासरी वर ओढली होती. हा फरक तेव्हा दिसला, पण त्याचं महत्त्व मला पुढे बऱ्याच उशिरा कळलं.

त्याच संध्याकाळी सर्वांत जास्त जाणाऱ्या ऑर्डरचा हिशेब मांडला: अर्धा किलो कांदा-लसूण मसाला, ३८० रुपये. माल, मजुरी आणि कर वजा जाता त्यात आम्हाला ४० टक्के, म्हणजे १५२ रुपये सुटतात. गिऱ्हाइकाकडून कुरिअरचे ५० घेतो, ते धरून २०२. आता खर्च. बॉक्ससकट वजन ६०० ग्रॅमच्या आसपास जातं. कुरिअरचा दर अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो, त्यामुळे आम्ही एक किलोचे ८५ रुपये भरतो. बॉक्स, टेप, कागद मिळून १८. ऑनलाइन पेमेंटचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४३० वर १० रुपये. हातात उरले ८९.

हा ८९ चा आकडा मी कागदावर लिहून पॅकिंगच्या टेबलासमोर चिकटवला. तो अजून तिथेच आहे.

मे: टक्क्यांची सूट

१ मेपासून आम्ही टप्प्याची सूट सुरू केली. ७५० च्या वर १० टक्के, १५०० च्या वर १५ टक्के, आणि ७५० च्या वर कुरिअर मोफत. ७५० का? सरासरी ६१२ आहे, तर लोकांना तिथून थोडं वर खेचावं, एवढाच विचार होता. मे महिना आमच्या धंद्याचा हंगामच. घरोघरी वर्षाचं तिखट याच दिवसांत होतं, डंकावर रांगा लागतात, आणि ज्यांना घरी जमत नाही ते आमच्याकडे मागवतात. महिन्याच्या शेवटी ११८ ऑर्डर झाल्या आणि सरासरी ७४८ वर गेली. घरात सगळे खूश होते.

मधेच एक फोन आला होता, त्याकडे मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं. ठाण्याच्या एका ताईंनी मसाला आणि तीन चटण्या घेतल्या होत्या, ७१० रुपयांच्या. कुरिअर धरून ७६०. त्यांनी ९० रुपयांचा पापड त्यात टाकून बघितला, तर बिल ८०० होऊन ८० रुपये सूट बसली, कुरिअरही गेलं आणि देणं ७२० वर आलं. "ताई, पापड घेतला तर मला चाळीस रुपये कमी द्यावे लागतायत. हे बरोबर आहे ना? नंतर कापून नका घेऊ हं," असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. मी "बरोबर आहे" म्हणून सांगितलं, कारण साइटवर तेच लिहिलेलं होतं. पूर्ण बिलावर टक्के लावले की असं होतंच. सीमेच्या अलीकडच्या गिऱ्हाइकाला आपण पलीकडे जायचे पैसे आपल्या खिशातून देतो.

२ जूनला कुरिअरचं महिन्याचं बिल आलं आणि मी प्रत्येक ऑर्डरसमोर हातात उरलेली रक्कम लिहायला बसले. एका ऑर्डरने माझे डोळे उघडले. दोन मसाले, म्हणजे ७६० चा माल. आमची सुटणारी रक्कम ३०४. त्यातून १० टक्के सूट ७६ गेली, राहिले २२८. वजन सव्वा किलोच्या जवळ, म्हणून दीड किलोचे ११५, मोठा बॉक्स २२, पेमेंटचे १६. उरले ७५. एका मसाल्याच्या ऑर्डरमागे ८९ उरत होते आणि दुप्पट माल पाठवून ७५! नुसतं कुरिअर मोफत दिलं असतं आणि सूट दिली नसती, तर १४९ उरले असते. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ते विक्रीच्या रकमेवर जातात आणि आपल्याला सुटणारे असतात चाळीस टक्केच. म्हणजे दहाची सूट ही आपल्या कमाईची चौथाई असते. एप्रिलमध्ये सरासरी ऑर्डरमागे १२१ उरले होते, मेमध्ये ९८ उरले. सरासरी बिल मात्र चांगलं १३६ रुपयांनी वाढलेलं दिसत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाईंनी उन्हात बसून निवडलेल्या मिरच्यांचा माल मी मेहनतीपेक्षा स्वस्तात घालवला होता, असं वाटत राहिलं. ३ जूनला सूट बंद केली आणि शीटमध्ये 'हातात उरले' हा रकाना कायमचा घातला. त्यानंतरचा प्रत्येक निर्णय त्या रकान्याला विचारून घेतला.

जून-जुलै: चुकीचा कॉम्बो

सूट गेली, मग कॉम्बो करावा असं ठरलं. जवस आणि कारळ्याची चटणी आमच्याकडे हळू खपते. त्यांची मुदतही तीनच महिने. म्हणून मसाल्याबरोबर या दोन्ही घालून ६०० चा माल ५४९ ला 'चटणी कॉम्बो' म्हणून १६ जूनला लावला. पाच आठवड्यांत अकरा गेले.

त्यातल्या तिघांची तक्रार आली, आणि ती चवीची नव्हती. कोल्हापुरात आम्ही कांदा-लसूण मसाल्याला चटणीच म्हणतो. लहानपणापासून तोच शब्द, त्यामुळे नाव देताना मनात शंकाही आली नाही. पुण्याच्या एका काकूंनी 'तीन चटण्या' समजून बॉक्स मागवला, मसाला दह्यात कालवून भाकरीबरोबर घेतला आणि मला फोन केला, "अगं, ही चटणी कच्ची लागते आणि घसा धरते." त्यांना मी पैसे परत केले आणि शेंगदाण्याची चटणी पाठवून दिली. नाव ठेवताना बाहेरगावचं गिऱ्हाईक तो शब्द कसा वाचेल, हे एखाद्या तिकडच्या माणसाला विचारून घ्यावं.

नावापेक्षा मोठी चूक आतल्या मालाची होती. मी कॉम्बोत आम्हाला संपवायच्या वस्तू घातल्या होत्या. लोक काय एकत्र घेतात हे माझ्याच बिलांत लिहिलेलं होतं, पण मी ते बघितलं नव्हतं. ती २८२ बिलं पुन्हा काढली आणि वहीत चौकटी आखून मसाल्याबरोबर काय काय गेलं त्याच्या खुणा करत गेले. दोन संध्याकाळी लागल्या. मसाला आणि शेंगदाणा चटणी एकसष्ट वेळा. मसाला आणि पापड अडतीस, मसाला आणि गरम मसाला चौतीस. जवस नऊ, कारळे नऊ. जी वस्तू गिऱ्हाईक स्वतःहून घेत नाही ती चांगल्या वस्तूला बांधली, की त्याला वाटतं आपल्या गळ्यात मारली. कॉम्बो बंद केला.

२५ जुलैला श्रावण लागला आणि कांदा-लसणाचा मसाला थंडावला. दरवर्षी असंच असतं. पण त्या महिन्यात ऑर्डर लहान झाल्या तेव्हा मी घाबरून पुन्हा सूट लावणार होते. जाऊबाईंनी मागच्या श्रावणाची वही पुढ्यात ठेवली. त्यातही तेच होतं. तेव्हापासून मी मे महिन्याची तुलना जूनशी करत नाही. जानेवारीची जानेवारीशी करते.

ऑगस्ट-सप्टेंबर: पापडाने शिकवलेल्या दोन गोष्टी

गौरी-गणपतीच्या आधी, १८ ऑगस्टला 'जेवणाचा कॉम्बो' लावला. गणपती २७ ला होते. मसाला अर्धा किलो, शेंगदाणा चटणी, उडदाच्या पापडाची दोन पाकिटं. माल ६७० चा, किंमत ६३९. तेवीस बॉक्स गेले आणि या वेळी कोणाची तक्रार नव्हती.

कुरिअरच्या बिलात मात्र प्रत्येक बॉक्सला ११५ ऐवजी १४५ लागलेले. वजन काट्यावर छटाकभरही इकडचं तिकडे नव्हतं, १.३ किलोच होतं. फोन करून विचारलं तेव्हा कळलं, की कुरिअर कंपनी दोन वजनं काढते, एक काट्यावरचं आणि एक आकारमानाचं, आणि जास्त असेल ते धरते. आकारमानाचं वजन असं निघतं, मापं सेंटिमीटरमध्ये:

```
(30 x 25 x 12) / 5000 = 1.8 kg
```

पापडाचं पाकीट रुंद. ते आडवं बसावं म्हणून मी मोठा बॉक्स घेतला होता, आणि त्यातल्या रिकाम्या जागेचे दोन किलोच्या टप्प्याने पैसे भरले होते. आमचा नेहमीचा २५ बाय १८ बाय १० चा बॉक्स याच सूत्राने ०.९ किलो भरतो. कॉम्बो ठरवायच्या आधी बॉक्स ठरवावा, हे इथे शिकले. भरलेल्या बॉक्सची मापं टेपने बाहेरून घ्यावीत. फुगलेला बॉक्स दोन सेंटिमीटर वाढतो आणि तेवढ्याने टप्पा बदलू शकतो.

दुसरी गोष्ट सीएंनी सांगितली. १० सप्टेंबरला रिटर्नची कागदपत्रं घेऊन गेले होते, तिथे दीड तास थांबावं लागलं. त्यांनी बिल पाहिलं आणि विचारलं, "हे 'जेवणाचा कॉम्बो, ६३९' एका ओळीत का लिहिलंय?" आमच्या मसाल्यावर ५ टक्के जीएसटी आहे, पापडावर शून्य. वेगवेगळ्या वस्तू एकत्र करून एकाच किमतीला विकल्या, की सीजीएसटी कायद्यात त्याला मिश्र पुरवठा धरतात आणि त्यातल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर सगळ्यांना लागतो. म्हणजे पापडावरही ५ टक्के. तेवीस बॉक्सचा फरक दोनशे रुपयांच्या आत होता, तो भरून टाकला. पण दिवाळीत हेच शेकड्याने झालं असतं. त्यांचा सल्ला असा, की प्रत्येक वस्तू बिलावर वेगळ्या ओळीत तिच्या किमतीसह लिहायची, कोणतीही वस्तू सुटी मिळते हे साइटवर दिसायला हवं, आणि सूट त्याच बिलावर त्या त्या ओळीत दाखवायची. बिलावर दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते. बिलाचा नमुना बदलायला मला एक दिवस लागला. तुमच्या मालाचे दर वेगळे असतील, तेव्हा कॉम्बो लावण्याआधी आपल्या सीएंना विचाराच.

पापडाला मी कॉम्बोतून काढलं आणि सुटी वस्तू म्हणून ठेवलं.

ऑक्टोबर: रस्सा कॉम्बो

आता माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: लोक काय एकत्र घेतात, बॉक्स केवढा, आणि प्रत्येक ऑर्डरमागे काय उरतं. मग एक साधी गोष्ट दिसली. अर्ध्या किलोच्या ऑर्डरचं वजन ६०० ग्रॅम भरतं आणि पैसे आपण किलोचे देतो. म्हणजे ४०० ग्रॅमची जागा प्रत्येक पार्सलमध्ये भरलेल्या भाड्याची रिकामी जाते. कॉम्बो त्या ४०० ग्रॅममध्ये बसवायचा.

मसाला ५०० ग्रॅम, गरम मसाला १०० ग्रॅम, शेंगदाणा चटणी २०० ग्रॅम. पाकिटं आणि बॉक्स धरून काट्यावर ९४० ग्रॅम. जाऊबाईंनी तीनदा मोजलं, टेपसकट. नेहमीच्याच बॉक्समध्ये चटणीचं पाकीट उभं करून बसलं. दसरा झाल्यावर, ३ ऑक्टोबरला 'रस्सा कॉम्बो' म्हणून लावला, बाजूला तांबड्या रस्स्याची सासूबाईंची कृती. ६१० चा माल ५७९ ला. हिशेब असा: सुटणारे २४४, त्यातून सूट ३१ वजा, राहिले २१३. गिऱ्हाइकाचे कुरिअरचे ५० मिळवायचे, कुरिअरचे ८५, बॉक्सचे १८ आणि पेमेंटचे १५ काढायचे. उरले १४५. ८९ च्या जागी १४५, आणि कुरिअरचा खर्च एक रुपयानेही वाढला नाही.

दिवाळीसाठी हाच कॉम्बो बंद डब्यात काउंटरवर ठेवायचा होता. तेव्हा कळलं, की वेगवेगळ्या वस्तूंची पाकिटं एका पॅकमध्ये घालून विकली तर वजनमापाच्या २०११ च्या नियमांत त्याला वेगळं नाव आहे आणि बाहेरच्या डब्यावरही सगळा तपशील लागतो: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, आत काय आणि किती, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर. आतल्या पाकिटांवर आहे म्हणून भागत नाही. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआय क्रमांकही घातला. लेबलं छापायला चार रुपये नग, कमीत कमी पाचशे, म्हणजे दोन हजार, आणि नऊ दिवस थांबावं लागलं. डब्यावरची मुदत सर्वांत आधी संपणाऱ्या वस्तूची लिहावी लागते. आमच्याकडे ती चटणीची, तीन महिने. त्यामुळे एका वेळी पंधरापेक्षा जास्त डबे भरून ठेवत नाही.

९९ चं काय?

'बाटाची किंमत' हा शब्द आपल्याकडे जुना आहे, त्यामुळे ९९ ची जादू सगळ्यांना माहीत असल्यासारखी वाटते. मीही आधी सगळ्या किमतींतून एकेक रुपया काढून टाकला होता, ३८० चे ३७९, ११० चे १०९, १२० चे ११९. काहीच फरक पडला नाही. नंतर वाचलं, की मनोज थॉमस आणि विकी मॉरविट्झ यांच्या २००५ च्या अभ्यासात हेच निघालं होतं: डावीकडचा आकडा बदलला तरच किंमत कमी भासते. २०० चे १९९ झाले तर डावीकडे दोनचा एक होतो. ३८० चे ३७९ झाले तरी तीन तो तीनच. त्या तीन किमती परत पूर्ववत केल्या. फक्त पाव किलो मसाला २०० चा १९९ ठेवला.

त्याहून उपयोगाचं दुसरं निघालं. एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर यांनी २००३ साली एका प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली. कॅटलॉगमधून विकायच्या कपड्यांची किंमत काही ठिकाणी ३४ डॉलर, काही ठिकाणी ३९ आणि काही ठिकाणी ४४ छापली होती. सर्वांत जास्त खपले ३९ वाले. म्हणजे ३४ पेक्षा महाग असूनही. ते वाचून मी ५७९ कडे नव्याने पाहिलं. डावीकडचे पाच ५९९ पर्यंत पाचच राहतात. मग वीस रुपये मी का सोडतेय? १ नोव्हेंबरला ५९९ केले. खोडलेली किंमत काढून टाकली, कारण ६१० वर अकरा रुपयांची बचत दाखवून कोणाचं समाधान होणार नाही. त्याऐवजी लिहिलं, 'एका रविवारच्या रश्श्याचं सगळं सामान'. ऑक्टोबरच्या ९४ ऑर्डरींत २६ कॉम्बो होते, नोव्हेंबरच्या ८८ मध्ये २५. एवढ्या लहान आकड्यांवरून मी मोठा दावा करणार नाही, पण नुकसान नक्की झालं नाही, आणि प्रत्येक कॉम्बोमागे आता १६५ उरू लागले.

काउंटरवर गोष्ट वेगळी आहे. तिथे १९९ ला रोख देणारी वयस्कर माणसं उरलेल्या रुपयासाठी थांबतात, आणि थांबायलाच हवं, तो त्यांचा रुपया आहे. आमच्याकडे सुटे नसले की जाऊबाईंना ओशाळायला होतं. म्हणून काउंटरवर आम्ही १९५ घेतो. एमआरपी २०० छापलेली आहे, त्याच्या खाली कितीही विकता येतं.

दिवाळीचा छोटा भेटीचा डबा मी ४९९ ला लावला होता. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एक बाई दोन डबे घेऊन उभ्या होत्या. एक भावजयीला, एक नणंदेला द्यायचा होता. पाटी बघून म्हणाल्या, "चारशे नव्व्याण्णव नको गं दिसायला. देताना एक वर असावा, कमी नसावा." जाऊबाई हे मला आठवडाभर सांगत होत्या. काउंटरवरची पाटी तिथल्या तिथे बदलली, ५०१. राहिलेले डबे भाऊबीजेपर्यंत संपले. लेबलांवर एमआरपी ५१० छापलेली होती म्हणून हे चाललं. ४९९ छापून घेतले असते तर ५०१ घेता आले नसते.

डिसेंबर: मोफत कुरिअरची रेषा

ऑक्टोबरमध्ये मी कुरिअर मोफतची रेषा ६९९ वर ठेवली होती. कॉम्बो ५९९ झाल्यावर पापड घेणाऱ्यांचं बिल ६८९ व्हायला लागलं आणि फोन यायला लागले, "ताई, दहा रुपयांनी हुकतंय." लोकांना चिडवण्यासारखंच होतं ते. मी रेषा ६८० वर आणणार होते, पण आधी रकान्याला विचारलं. कॉम्बो आणि एक चटणी, ७०९. सुटणारे २७७. वजन किलोच्या वर गेलं म्हणून कुरिअर ११५, बॉक्स २२, पेमेंट १७, आणि गिऱ्हाइकाचे ५० नाहीत. उरले १२३. नुसत्या कॉम्बोत १६५ उरतात! ६९९ ची रेषाच चुकीची होती, खाली आणून ती आणखी चुकली असती.

मग नियम केला, की वरच्या पायरीवर खालच्या पायरीपेक्षा जास्त उरलं पाहिजे, नाहीतर ती पायरी ठेवायची नाही. कॉम्बो, पाव किलो मसाला आणि एक चटणी मिळून ९०८. वजन १.४ किलो, दीड किलोच्या टप्प्यात बसतं. सगळं वजा जाता १९८ उरतात. १ डिसेंबरपासून रेषा ८९९. आणि ९०९ होईल अशी जोडणी पापड घेणाऱ्यालाही मिळते, कॉम्बो, दोन चटण्या, एक पापड. रेषा ठरवताना प्रत्यक्ष किमतींच्या बेरजा करून बघाव्यात. गिऱ्हाईक दहा-पंधरा रुपयांनी हुकेल अशी जागा नसावी. १४९९ च्या वर टक्के नाहीत, सरळ ७५ रुपये कमी. पंधरा टक्के दिले असते तर २२५ गेले असते.

सव्वाचारशे-साडेचारशेचं बिल करणारा माणूस एका उडीत ८९९ ला जात नाही. तो कॉम्बोपर्यंत येतो, आणि काहीजण तिथून पुढे. म्हणून पहिली पायरी मी मधल्या बिलाच्या जवळ ठेवली, सरासरीच्या नाही. मेमध्ये ७५० ची रेषा बऱ्याच जणांना लांबची होती, आणि जे आधीच तिथे पोचलेले होते त्यांनाच मी सूट वाटत होते.

आत्ताचे आकडे देते. जानेवारी २०२५ मध्ये ९३ ऑर्डर होत्या, जानेवारी २०२६ मध्ये ८९. सरासरी ५९८ वरून ७२४, मधलं बिल ४७० वरून ५९९, ऑर्डरमागे हातात उरलेले ११७ वरून १५८. चार ऑर्डर कमी झाल्या आहेत. त्या मोफत कुरिअरची रेषा वर गेल्यामुळे कमी झाल्या की सहज, हे एका महिन्यावरून ठरवता येणार नाही, मार्चपर्यंत बघणार आहे. या सगळ्यात रोख खर्च म्हणाल तर लेबलांचे दोन हजार, कराचा दोनशेच्या आतला फरक आणि काकूंना परत केलेले ५४९. मेमधली सूट वेगळी.

दर महिन्याच्या पाच तारखेच्या आसपास फक्त अर्धा किलो मसाला मागवणारे एक आजोबा आहेत, डोंबिवलीचे. एकटे राहतात. जानेवारीत साइटने त्यांना तीनदा 'कॉम्बो घ्या' अशी पट्टी दाखवली, तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, की आता नुसता मसाला मिळत नाही का. पट्टी मी आता एकदाच दिसेल अशी करून घेतली आहे. त्यांचं पार्सल उद्या जाईल, ६०० ग्रॅमचं, ८९ रुपयांचं.